अ‍ॅनोव्हा आणि रिग्रेशन: इंटरव्ह्यूतला एफ

"मॅडम, मी ठाण्यात टीवायबीएस्सी स्टॅटिस्टिक्सला आहे. महापेच्या एका कंपनीत अ‍ॅनालिस्टच्या इंटरव्ह्यूला विचारलं, 'वन-वे अ‍ॅनोव्हा रिग्रेशननं कर आणि एफचा अर्थ सांग.' मी म्हटलं, ते दोन वेगळे चॅप्टर आहेत. पुढच्या वेळी काय सांगू?"
– एक विद्यार्थिनी, कळवा

चॅप्टर वेगळे असले तरी गणित एकच आहे. एक छोटं, मनानं रचलेलं उदाहरण तयार ठेव.

ऐरोलीच्या ऑफिसात यायला लागणारी मिनिटं समज. ठाण्याहून येणारे चौघे: २०, ३०, ३०, ४०. वाशीचे: २६, ३६, ३६, ४६. पनवेलचे: ३५, ४५, ४५, ५५. सरासऱ्या ३०, ३६ आणि ४५.

आता दोन डमी घे. वाशीचा माणूस असेल तर पहिली १, पनवेलचा असेल तर दुसरी १, एरवी दोन्ही ०. ठाण्याला डमी नाही, तो बेस. (तिसरी डमी घातलीस तर तिघींची बेरीज नेहमी १ येते, म्हणजे इंटरसेप्टचीच नक्कल, आणि सहगुणक एकमेव राहत नाहीत.) रिग्रेशन चालवलं की इंटरसेप्ट ३० येतो, वाशीचा सहगुणक ६, पनवेलचा १५. म्हणजे ठाण्याची सरासरी आणि तिच्यापासूनचे फरक.

एफसाठी दोन मॉडेलं शेजारी ठेव. गाव माहीत नसेल तर सगळ्यांसाठी अंदाज एकच, ३७, आणि चुकांच्या वर्गांची बेरीज १०५६. गाव कळलं की ती ६०० वर येते. ही ४५६ ची घट दोन डमींनी मिळवली, म्हणून डमीमागे २२८. उरलेले ६०० भागिले ९ डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे ६६.७. भागाकार ३.४२, हाच एफ: एका डमीमागे झालेली घट नुसत्या गोंगाटाच्या किती पट आहे. अ‍ॅनोव्हाच्या तक्त्यातही हाच आकडा येतो. पी साधारण ०.०८.

मुलाखत घेणारा खरा पेच इथे टाकतो. पनवेलच्या सहगुणकाचा टी २.६० येतो, पी ०.०३. मग फरक सिद्ध झाला का? बेस वाशी करून बघ: ठाणे −६, पनवेल +९, आणि दोन्हींचे टी दोनच्या आत. डेटा तोच, फक्त बेस बदलला. एफ मात्र ३.४२ च राहतो, कारण तो 'तिन्ही सरासऱ्या समान' हे एकच गृहीतक तपासतो, बेस कुणीही असो. तेव्हा आधी एफ सांग. जोड्यांची तुलना करायचीच असेल तर टुकीची चाचणी लाव. आणि ०.०८ वरून 'फरक नाही' म्हणू नकोस. गटात चारच माणसं असताना पंधरा मिनिटांचा फरकही निसटू शकतो.

स्क्रीनवर करायला दिलं तर गावांना १, २, ३ असे कोड आहेत का ते आधी बघ. आर त्यांना संख्या समजून एकच सरळ रेषा बसवतं. `lm(minutes ~ factor(town))` लिही आणि `anova()` च्या तक्त्यात गावापुढे Df 2 आहे ना, ते तपास. 1 दिसला तर अ‍ॅनोव्हा झालेलाच नाही.