गहुंज्याच्या कसोटीत नेमकं काय ‘क्लिंच’ झालं?

प्रश्न: इंग्रजी मॅच रिपोर्टमध्ये ‘विन’च्या जागी ट्रायम्फ, प्रिव्हेल, क्लिंच, सिक्युअर यातलं कुठलंही चालतं का?

नाही. आपल्या गहुंज्याची ऑक्टोबर २०२४ची कसोटी घ्या. न्यूझीलंडनं भारताला ११३ धावांनी हरवलं आणि तीन कसोटींच्या मालिकेत २-० झालं. मुंबईची कसोटी बाकी असतानाच मालिका खिशात! हे ‘क्लिंच’. पण बंगळुरूच्या पहिल्या विजयाला मालिका ‘क्लिंच’ केली म्हणता येत नाही. तेव्हा मालिका उघडीच होती.

भारतात त्यांनी पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली, म्हणून मथळ्यात ‘ट्रायम्फ’ही शोभतं. ‘प्रिव्हेल’ अटीतटीच्या झुंजीसाठी ठेवा, आणि त्याला कर्म जोडू नका. ‘सिक्युअर’ कोरडं, ड्रॉलासुद्धा चालतं.