थेरपीचं डेटिंग अ‍ॅपवरच्या मॅचला कधी सांगायचं?

पहिल्याच चॅटमध्ये सांगायची घाई करू नकोस. मी साधारण तिसऱ्या भेटीपर्यंत थांबते, पण विषय आपणहून निघाला तर टाळत नाही. एकदा एका मॅचने विचारलं, गुरुवारी संध्याकाळी भेटू या का? मी लिहिलं, "गुरुवारी माझं थेरपीचं सेशन असतं. वर्षभर जातेय, चिंतेचा त्रास होता, आता बराच आटोक्यात आहे. शुक्रवारी जमेल?" एवढंच. गोळ्यांची नावं, घरातल्या जुन्या जखमा यातलं काही लिहिलं नाही. लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट कुणाकडेही जाऊ शकतो, म्हणून ते समोरासमोर आणि विश्वास बसल्यावरच.

मग उत्तर नीट वाच. "बरं झालं सांगितलंस, शुक्रवारी भेटू" इतकं आलं तरी पुष्कळ. "तुझ्याकडे बघून वाटत नाही गं" हे बहुतेकदा अज्ञानातून येतं, तिथे एक संधी दे. पण पुढे एखाद्या वादात "आज गोळी घेतली नाहीस का?" असं ऐकू आलं, तर तिथेच थांब.

एकत्र राहायचा विचार सुरू झाला की मात्र औषधांचंही आधी सांग. तेव्हा ते त्याच्याही रोजच्या जगण्यात येणार असतं.