घनाच्या कोपऱ्याची कक्षा

"ऑर्बिट म्हणजे कक्षा, असं नोट्समध्ये आहे. मग घनाच्या कोपऱ्याची कक्षा म्हणजे तो फिरताना काढतो ते वर्तुळ का? आणि ऑर्बिट-स्टॅबिलायझर प्रमेयात गुणाकार कुठून येतो?" – बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

वर्तुळ नव्हे. उपग्रहाची कक्षा हा रस्ता असतो. इथे रस्त्याशी देणंघेणं नाही. कोपरा ज्या ज्या जागी जाऊन पोहोचू शकतो, त्या जागांचा संच म्हणजे त्याची ऑर्बिट. ही गल्लत टाळायला मी 'ऑर्बिट'च म्हणतो.

गणपती पेठेतून ल्यूडोचा फासा आणा. त्यावर 1, 2 आणि 3 या बाजू एका कोपऱ्यात मिळतात. तिथे पेनाने ठिपका द्या आणि त्या जागेला अ म्हणा. फासा असा फिरवायचा, की शेवटी तो पूर्वीच्याच चौकटीत नेमका बसेल. फिरवून पाहा, ठिपका आठही कोपऱ्यांच्या जागी नेता येतो. ऑर्बिट 8 ची झाली.

आता ठिपका अ वरच राहील अशी रोटेशन्स शोधा. अ आणि त्याच्या समोरचा कोपरा चिमटीत धरून फासा 120 किंवा 240 अंशांनी फिरवला, की 1, 2, 3 या बाजू आपसात जागा बदलतात, ठिपका हलत नाही. काहीच न फिरवणं धरून अशी तीन रोटेशन्स. हाच अ चा स्टॅबिलायझर. (आरशातलं प्रतिबिंब इथे धरू नका, ते हाताने करता येत नाही. परीक्षेत नेमकं तिथेच घोटाळा होतो आणि 3 च्या जागी 6 येतात.)

गुणाकाराचं मर्म यापुढे आहे. दुसरी कुठलीही जागा ब घ्या आणि ठिपक्याला अ वरून ब वर नेणारं एक रोटेशन ग पक्कं करा. आधी स्टॅबिलायझरमधलं एखादं रोटेशन आणि मग ग केलं, तरी ठिपका ब वरच पोहोचतो. तीन वेगळ्या सुरुवातींमुळे रोटेशन्सही तीन वेगळी मिळतात. चौथं असेल का? समजा ह सुद्धा ठिपका ब वर नेतं. मग ह करून ग उलटं फिरवा: ठिपका अ वर परत. म्हणजे ही जोडगोळी स्टॅबिलायझरमधलीच, आणि ह त्या तिघांपैकीच एक. प्रत्येक जागेच्या वाट्याला बरोबर तीन रोटेशन्स, आणि एकच रोटेशन ठिपका दोन जागी नेऊ शकत नाही. म्हणून एकूण रोटेशन्स 8 × 3 = 24, म्हणजे ऑर्बिटचा आकार गुणिले स्टॅबिलायझरचा आकार. हेच ते प्रमेय.

कोपरे सोडून बाजू धरा: 6 × 4. कडा धरा: 12 × 2. उत्तर तेच, कारण रोटेशन्सचा गट तोच.

मात्र 24 हा फक्त आकार. 24 घटकांचे गट अनेक आहेत. यातला घनाचा कुठला, हे प्रमेय सांगत नाही. त्यासाठी घनाचे चार लांब कर्ण बघावे लागतात: रोटेशन्स त्यांची अदलाबदल सगळ्या 24 प्रकारे करतात, म्हणून हा गट S₄, म्हणजे चार वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींचा गट.