चमच्याखाली दुखतंय

प्रिय,

सोमवारी म्हापशात तू पहिल्यांदाच दुभाषी म्हणून रशियन पेशंटसोबत डॉक्टरांसमोर बसणार, हे कळलं. भाषा तुला येते, पण दुखण्याची भाषा वेगळी असते. गेल्या सीझनमधला एक प्रसंग सांगते.

मोरजीला राहणारे पन्नाशीचे गृहस्थ होते. सोबतच्या मित्राने मोडक्या इंग्रजीत 'पोटात दुखतंय' म्हणून सांगून टाकलं होतं, आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन तयारही झालं होतं. मी पोचल्यावर पेशंट स्वतः म्हणाले, 'पद लोझेचकय दावित.' शब्दशः 'चमच्याखाली दाबतंय'. रशियनमध्ये हा चमचा म्हणजे छातीच्या मधल्या हाडाखालची खळगी. मी तसं सांगितलं आणि डॉक्टरांनी बोटाने दाखवायला लावलं. जागा कळली, 'दाबतंय' हा शब्दही कळला, आणि लगेच ईसीजी निघाला. हृदयाचं दुखणं कधीकधी तिथेच जाणवतं, म्हणून 'पोट' म्हणून मोकळं होऊ नये.

दावित म्हणजे दाब, झ्झोत म्हणजे जळजळ, कोलेत म्हणजे टोचणं, नोयेत म्हणजे मंद, सतत दुखत राहणं. आपल्याकडेही असे शब्द आहेतच, पण घाईत सगळ्यांचं एकच 'दुखतंय' होतं. 'रुका'पाशीही थांब: हा शब्द खांद्यापासून बोटांपर्यंत कुठेही लागू पडतो. कळ हातात जाते म्हणाले तर कुठवर जाते, ते डॉक्टरांना विचारू दे.

पुढे जुन्या आजारांची चौकशी निघाली. पेशंट म्हणाले, 'दहा वर्षांपूर्वी आन्गीना झाला होता.' मित्राने पटकन 'अँजायना' म्हटलं, आणि डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं. रशियनमध्ये आन्गीना म्हणजे टॉन्सिलची सूज. हृदयाच्या त्या दुखण्याला ते स्तेनकार्दीया म्हणतात. मी म्हटलं, 'हे दुभाषी म्हणून बोलते आहे. हा शब्द रशियनमध्ये घशाच्या आजारासाठी वापरतात. कृपया विचारून घ्या.' मी काय बोलले ते पेशंटलाही रशियनमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, घसाच निघाला. मी परस्पर 'टॉन्सिल' म्हणून सांगितलं असतं, तर तो माझा अंदाज ठरला असता.

ईसीजीत तातडीचं काही नव्हतं. तरी अँजिओग्राफी करायचं ठरलं आणि संमतीपत्र आलं. त्यात एक ओळ होती: 'गरज भासल्यास अँजिओप्लास्टी व स्टेंट'. कागद माझ्या हातात देऊन डॉक्टर निघाले, 'तुम्हीच समजावा' म्हणत. समजावणं आपलं काम नव्हे. 'तुम्ही बोला, मी सांगते,' म्हणून मी त्यांना थांबवलं, आणि ओळ न ओळ मोठ्याने रशियनमध्ये वाचली. 'करनरग्राफीया', म्हणजे अँजिओग्राफी, पेशंटना समजली, पण त्या ओळीतल्या 'स्टेंट'वर चेहरा पडला. 'शुन्त?' त्यांनी विचारलं. शुन्त म्हणजे बायपास. त्यांना वाटलं छाती उघडणार. मी उत्तर दिलं नाही, प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना दिला. मनगटातून नळी जाते, छाती उघडत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. तरी पेशंटनी फक्त तपासणीलाच होकार दिला. डॉक्टर जरा वैतागले, पण ती ओळ खोडून दोघांनीही सह्या केल्या. बरोबरच होतं: तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समिरा कोहली खटल्यात सांगितलं आहे.

नर्सने 'साक्षीदार' लिहिलेल्या जागी बोट ठेवलं. मी सही केली नाही. 'रशियनमध्ये तोंडी भाषांतर केलं' असं खाली लिहून दुभाषी म्हणून सही केली. तूही तेवढंच कर.

तटस्थपणाची खरी परीक्षा मात्र बाहेरच्या व्हरांड्यात होते. पत्नी बाजूला घेऊन म्हणाल्या, 'हे रोज पितात, डॉक्टरांना सांगा, पण मी सांगितलं म्हणू नका.' मी म्हटलं, 'तुम्ही स्वतः डॉक्टरांशी बोला, मी तिथे भाषांतर करीन.' म्हणून पेशंटसोबत एकटं थांबणं टाळ, आणि सुरुवातीलाच डॉक्टर आणि पेशंट दोघांना सांग की खोलीत बोललेलं सगळं भाषांतरित होईल. बोलताना 'ते म्हणतात' नको, 'मला दुखतंय' म्हण. आणि रशियन पेशंटला 'वी' म्हणजे 'तुम्ही'च, ते कितीही हसून बोलले तरी.

माझी एक जुनी चूकही सांगते. एका घाबरलेल्या बाईला मी मनानेच 'घाबरू नका' म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांना म्हणाल्या, 'तुम्हीच म्हणालात ना, घाबरायचं कारण नाही!' डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

त्या गृहस्थांनी सही करण्याआधी मलाही विचारलं होतं, 'तुम्ही माझ्या जागी असता तर?' मी डॉक्टरांकडे वळून म्हटलं, 'मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, असं ते मला विचारताहेत.' डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तुझी,
ताई