सोनोग्राफीतला ग्रेड आणि लिव्हरचा टप्पा

प्रश्न: वय 41. सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर निघालंय. म्हणजे सिरॉसिसला एकच पायरी उरली का? वजन कमी केल्यावर लिव्हर पूर्ववत होतं का?

नाही. सोनोग्राफीतला ग्रेड लिव्हरमध्ये चरबी किती दिसते एवढंच सांगतो. सिरॉसिसकडे नेते ती चरबीमागून येणारी सूज आणि सुजेमुळे पडणारे व्रण, म्हणजे फायब्रोसिस. बऱ्याच जणांची गाडी नुसत्या चरबीवरच थांबते. काहींच्या पेशी सुजतात, मरतात आणि त्या जागी व्रण साचतात. व्रणांचे टप्पे शून्य ते चार, त्यातला चौथा म्हणजे सिरॉसिस. याला सहसा वर्षानुवर्षं लागतात. गंमत म्हणजे सिरॉसिस झाल्यावर चरबी कधीकधी नाहीशीही होते, त्यामुळे ग्रेड उतरला म्हणून लिव्हर सुधारलंच असं नाही.

माझंही असंच झालं होतं. वय 46, वजन 84 किलो, रिपोर्टवर ग्रेड 1. 'काही विशेष नाही' म्हणून कागद कपाटात गेला असता, पण आमच्या डॉक्टरांनी रक्ताच्या जुन्याच रिपोर्टवरून फिब-4, म्हणजे व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढला. एसजीओटी 52, एसजीपीटी 64, प्लेटलेट 2 लाख 10 हजार (हिशेबात 210 धरायच्या):

46 × 52 ÷ (210 × √64) = 1.42

1.3 च्या खाली आलं तर गंभीर व्रणांची शक्यता फार कमी. माझा आकडा जरा वर, म्हणून फायब्रोस्कॅन केला. तो लिव्हर किती कडक झालंय ते मोजतो. 8.6 आला, साधारण दुसरा टप्पा. आणि दुखत काहीच नव्हतं, बरं का!

वजनाचं म्हणाल तर 5 टक्के उतरलं की चरबी कमी होते, 7 ते 10 टक्क्यांनी सूज ओसरते आणि व्रण मागे हटायला बहुधा 10 टक्के लागतात. म्हणजे मला साडेआठ किलो. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. आधी तीच बंद केली. गूळही नाही, लिव्हरला दोन्ही सारखेच. रात्रीच्या भाताऐवजी एक भाकरी आणि वाटीभर उसळ, चारच्या फरसाणाऐवजी ताक, रोज पाऊण तास भरभर चालणं. दारूला पूर्ण फाटा. अकरा महिन्यांत 75 किलोवर आलो, फायब्रोस्कॅन 6.1.

घाई मात्र करू नका. उपासमार करून आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरवलं तर सूज वाढू शकते. आणि सिरॉसिस झालेला असेल तर हा हिशेब स्वतःच्या मनाने लावूच नका. तिथे स्नायू झिजतात, प्रथिनं भरपूर लागतात, रात्रभर पोट रिकामं ठेवणंही बाधतं.

तुमचे एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एकाच दिवशीचे असतील तर वरच्या गणितात घालून बघा. 1.3 च्या वर गेलं तर फायब्रोस्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा.