उलटीत पडलेली गोळी

प्रिय डॉक्टर,

जतकडच्या त्या मावशींचा बीपी दोन सलाईन लावूनही ८०च्या वर का येईना, असं तू विचारलंयस. उत्तर तुझ्याच केस पेपरवर आहे, पार खाली: 'संधिवाताची गोळी चालू'. ती गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन, रोज साडेसात मिलिग्रॅम, तीन वर्षं.

बाहेरून इतके दिवस स्टेरॉइड मिळालं की पिट्युटरीचा हुकूम थांबतो आणि किडनीवरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावते. एरवी आजारपणात शरीर कॉर्टिसॉल वाढवतं. मावशींना ते जमत नाही. त्यात उलट्या लागल्या आणि त्यांनी गोळीच सोडली, कारण 'उपाशीपोटी घेऊ नका' हे आपणच बजावलेलं. दोन दिवस जेवण नाही, म्हणून दोन दिवस गोळी नाही.

सोडियम १२४, साखर ५८, पोटात दुखतंय, बाई गुंगीत. पोटॅशियम नॉर्मल दिसलं म्हणून तू अडखळलीस. ते वाढतं ते ग्रंथीच खराब झाली असेल तर. इथे अल्डोस्टेरॉन किडनीच्या इशाऱ्यावर चालूच असतं, म्हणून पोटॅशियम बहुधा ठीकच राहतं.

असा पेशंट आला की रिपोर्टची वाट बघू नकोस. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच शिरेतून दे. शीर सापडत नसेल तर मांडीच्या स्नायूत. पहिल्या तासात साधारण एक लिटर नॉर्मल सलाईन, साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज. पुढे दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम, आणि पेशंट सांगली-मिरजेला पाठव. संशय खोटा ठरला तरी त्या एका इंजेक्शनने सहसा काही बिघडत नाही. न दिल्याने मात्र माणूस जातो.

आता घरी जाताना त्यांना काय सांगशील? ताप आला की गोळी बंद नाही, उलट सकाळी ५ आणि संध्याकाळी ५ मिलिग्रॅम. बरं वाटलं की दोन-तीन दिवसांत पुन्हा साडेसात. ज्यांचा डोस आधीच १० किंवा जास्त आहे त्यांनी सहसा वाढवायचा नाही, दोन वेळांत विभागायचा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एक घ्यायची. तीही पडली तर सकाळची वाट न बघता इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. हे सगळं मावशींइतकंच त्यांच्या सुनेला सांग. रात्री गाडी तीच काढणार.

आणखी एक. गुडघेदुखीच्या पुड्या कुणाकडून आणतात का, हे प्रत्येकाला विचार. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि ते कुठल्याच केस पेपरवर नसतं. चेहरा गोल, हातांची कातडी पातळ, निळे डाग, आणि 'मी तर कसलीच गोळी घेत नाही' असं म्हणणारा पेशंट दिसला, तर पुडीचा कागद मागवून घे.

मावशींच्या फाईलवर लाल शाईने 'स्टेरॉइड अचानक बंद करू नये' असं लिही आणि सुनेला त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढायला लाव. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला तोच दाखवता येईल.