भजनाच्या वहीची सूची कशी करावी?

"आमच्या मंडळाच्या वहीत दीडशेच्या वर अभंग आहेत. कार्यक्रमात हवा तो पटकन सापडत नाही. काय करू?"

आधी पानांऐवजी अभंगांना क्रमांक द्या. नवा अभंग शेवटी चिकटवला तरी सूची मोडत नाही.

पहिली ओळ आणि ध्रुपद एकाच अकारविल्हे यादीत घाला, ध्रुपदापुढे फुली मारा. दोन वेगळ्या याद्या आम्ही सांगलीत करून बघितल्या. ऐनवेळी कुठली उघडायची तेच कळेना. 'सुंदर ते ध्यान' घ्या. गाथेत 'ध्रु.' ही खूण 'तुळसीहार गळां'पाशी आहे आणि टाळकऱ्याला कधी तेच आठवतं. म्हणून तो स आणि त, दोन्हीकडे हवा, क्रमांक एकच. गाथेत 'तें', वहीत 'ते' असतं. यादी लावताना अनुस्वार सोडून द्या, नाहीतर एकच शब्द दोन जागी जातो.

विषयांचं एकच पान पुठ्ठ्याच्या आत चिकटवा: रूपाचे, नामाचे, गौळणी, भारुडं, भैरवी. एक अभंग फार तर दोन विषयांत. आम्ही 'भक्ती' असा विषय केला होता, त्यात निम्मी वही गेली!

मग कुणालातरी अर्धी ओळ म्हणायला लावा. पेटीवाल्याचा सूर लागेपर्यंत क्रमांक मिळाला नाही, तर ती अर्धी ओळही यादीत लिहा.